भाड्याचं सामान परत केलं: डिपॉझिटमधून किती कापलं, का कापलं आणि किती परत मिळालं

पलंग आणि गादी, तीन जणांचा सोफा, फ्रिज आणि वॉशिंग मशीन एवढं सामान आम्ही दरमहा भाड्याने घेतलं होतं. नवऱ्याचं काम साधारण वर्षभराचंच होतं, त्यामुळे नवं घेऊन पुन्हा विकण्यात अर्थ नव्हता. सामान आलं तेव्हा सगळं सुरळीत झालं. खरी दमछाक झाली ती परत करताना. कंपनीने डिपॉझिटमधून कापायच्या रकमांचा पहिला हिशेब पाठवला, तेव्हा मी शोधाशोध केली, पण आधी यातून गेलेल्या कुणी सविस्तर लिहिलेलं फारसं सापडलं नाही. म्हणून आता सगळं मिटल्यावर क्रमाने लिहिते आहे.

आकड्यांबद्दल आधीच सांगते. प्रत्येकाचं भाडं वेगळं असणार, म्हणून चारही वस्तूंचं मिळून आमचं मासिक भाडं १०० धरते आणि बाकीच्या रकमा त्याच मापात देते. तुमच्या भाड्याशी पडताळून बघायला ते सोपं जाईल. डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याएवढं, म्हणजे २०० होतं. बिनव्याजी, आणि सामान परत गेल्यावर तपासणी करून मिळणारं.

करार १२ महिन्यांचा घेतला. कमी मुदतीचे पर्याय होते, पण मुदत कमी तेवढं भाडं जास्त. ६ महिन्यांच्या कराराला हेच सामान ११२ ला पडत होतं. मुदतीआधी परत केलं तर काय, हे कलम मी सही करण्याआधी दोनदा वाचलं. त्यात लिहिलं होतं की जितके महिने प्रत्यक्षात वापर झाला, तितक्या महिन्यांना लागू होणाऱ्या दराने भाडं पुन्हा मोजलं जाईल आणि फरक वसूल केला जाईल. हे कलम लक्षात ठेवा, पुढे त्यानेच वाचवलं.

नुकसानीसाठी एक संरक्षण योजनाही देऊ करत होते, दरमहा थोडी रक्कम भरून. मी तिच्यातली न मिळणाऱ्या गोष्टींची यादी मागवली. पाण्यामुळे झालेलं नुकसान, गादीवरचे डाग आणि हरवलेले सुटे भाग, तिन्ही वगळलेले. भाड्याच्या सामानात कपात बहुतेक वेळा याच तीन गोष्टींवरून होते, म्हणून ती योजना घेतली नाही. त्याऐवजी गादीला पहिल्या दिवसापासून पाणी न झिरपणारं कव्हर घातलं. गादीवर एक जरी डाग दिसला तरी स्वच्छतेचं कारण देऊन अख्ख्या गादीचे पैसे लावता येतात, असं करारातच होतं. गादी धुऊन पुन्हा देता येत नाही, त्यामुळे त्यांची बाजूही मला पटते. पण मग कव्हर घेणं आपल्याच हिताचं.

सामान १२ ऑगस्टला आलं. आणणारे दोघे घाईत होते, खाली गाडी उभी होती आणि त्यांच्या हातातल्या चलनावर सगळीकडे "स्थिती उत्तम" असं आधीच छापलेलं होतं. मी म्हटलं, "दादा, पाच मिनिटं थांबा, मी प्रत्येक वस्तू बघून सही करते." त्यांची हरकत नव्हती, फक्त फोनवर पुढच्या घरी उशीर होईल म्हणून कळवलं. भाड्याने मिळणारं सामान बहुधा आधी कुणाच्या तरी घरी राहून आलेलं असतं, डागडुजी आणि पॉलिश करून. त्यात काही गैर नाही. पण आधीच्या घरातला ओरखडा कागदावर आला नाही, तर तो शेवटी आपल्या नावावर चढतो.

सोफ्याच्या उजव्या हातावर, लाकडी भागात, बोटभर लांबीचा ओरखडा होता. पॉलिश वरून मारलेलं होतं, तरी तिरक्या उजेडात स्पष्ट दिसत होता. तो मी चलनावर पेनाने लिहिला आणि त्यांच्याकडून शेजारी सही घेतली. मग फोटो काढले. आधी संपूर्ण वस्तू, मग चारही बाजू, मग मागची बाजू, मग अनुक्रमांकाचं लेबल. वॉशिंग मशीन भिंतीला लावण्याआधी तिची पाठ मुद्दाम टिपली, कारण एकदा नळ आणि पाईप जोडले की ती बाजू पुन्हा दिसत नाही. हे सगळे फोटो त्याच संध्याकाळी कंपनीच्या अधिकृत पत्त्यावर ईमेलने पाठवले. तक्रार ४८ तासांत कळवावी अशी अट होती. फोनमधल्या फोटोपेक्षा ईमेल बरा, कारण तारीख दोन्हीकडे नोंदलेली राहते.

पुढचे महिने शांततेत गेले. भाडं दर १ तारखेला आगाऊ, बँकेतून आपोआप जायचं. फ्रिजच्या दारातला एक प्लास्टिकचा कप्पा आमच्याकडून तडकला, बाकी काही घडलं नाही.

मे महिन्यात नवऱ्याचं काम ठरल्यापेक्षा लवकर आटोपणार हे कळलं. नव्या शहरात ही कंपनी सामान पोहोचवत नव्हती, म्हणजे सामान सोबत नेण्याचा मार्ग बंद. मी कस्टमर केअरला फोन केला. पलीकडच्या ताईंनी नम्रपणे सांगितलं की १२ महिन्यांचा करार आहे, १० महिन्यांनी परत करत असाल तर उरलेल्या दोन महिन्यांचं भाडं, म्हणजे २००, भरावं लागेल. याचा अर्थ डिपॉझिट अख्खं गेलं.

मी करारातलं कलम उघडून त्यांना वाचून दाखवलं आणि त्यांच्याबरोबरच गणित केलं. १० महिने वापर झाला म्हणजे आम्हाला ६ महिन्यांच्या कराराचा दर लागू, तो ११२. आम्ही भरला १००. फरक महिन्याला १२, दहा महिन्यांचा १२०. त्यांनी लाईनवर थांबायला सांगितलं, कुणाला तरी विचारलं आणि १२० मान्य केले. त्या मुद्दाम चुकीचं सांगत होत्या असं मला वाटत नाही. त्यांच्यासमोरच्या पडद्यावर सरधोपट उत्तर होतं, आणि आमच्या करारात वेगळं कलम होतं. फोन ठेवल्यावर मी तेच आकडे ईमेलने पाठवून "आज फोनवर ठरल्याप्रमाणे" असं लिहून होकार मागितला. दुसऱ्या दिवशी होकार आला. तोंडी मान्य झालेली रक्कम शेवटच्या हिशेबात वेगळीच उगवू शकते, म्हणून ही एक पायरी सोडू नका.

दहा महिने ११ जूनला पूर्ण होत होते. सामान नेण्याची विनंती १५ दिवस आधी द्यायची होती, ती मी मेच्या शेवटच्या आठवड्यात ॲपवरून दिली आणि ११ जून ही तारीख मागितली. ती मिळालीही. ज्या पानावर तारीख पक्की झाल्याचं दिसत होतं, त्याचा स्क्रीनशॉट ठेवला.

आदल्या दिवशी तयारी केली. फ्रिज रिकामा करून बंद केला, दार उघडं ठेवलं, बर्फ वितळून आतलं पाणी पुसलं आणि मागच्या बाजूला खाली पाणी साठण्याची जी तबकडी असते ती कोरडी केली. हे न करता फ्रिज हलवला तर ते पाणी वाटेत सांडतं, आणि ओलसर बंद फ्रिजमध्ये बुरशी धरते. मग त्याची सफाई हिशेबात येते. वॉशिंग मशीनचं पाणी खालच्या फिल्टरमधून काढलं. पलंगाचे जादा स्क्रू आणि चावी एका पिशवीत घालून पलंगालाच बांधली. आणि ऑगस्टमध्ये ज्या कोनातून फोटो घेतले होते, त्याच कोनातून पुन्हा घेतले. जुना आणि नवा फोटो शेजारी शेजारी ठेवता आला, तर वाद निम्मा तिथेच मिटतो.

११ तारखेला कुणी आलं नाही. दुपारी फोन केला तर गाडी उपलब्ध नसल्याचं कळलं. आम्ही घर सोडण्याच्या बेतात होतो, खोके बांधलेले, आणि मधोमध हे मोठं सामान. तो दिवस फार त्रासात गेला. मी तेव्हाच ईमेल केला की सामान आज द्यायला आम्ही तयार आहोत, तुमच्याकडून गाडी आलेली नाही, त्यामुळे आजनंतरचं भाडं आम्ही देणं लागत नाही. गाडी शेवटी १६ जूनला आली.

नेणाऱ्यांमधल्या प्रमुखाने फोनवरच्या यादीत एकेक वस्तू तपासली. फ्रिजचा तडकलेला कप्पा मीच दाखवला. पलंगापाशी तो खाली वाकला आणि डोक्याकडच्या फळीच्या खालच्या कडेवरून अंगठा फिरवला. मीही वाकून बघितलं. जमिनीपासून दोन बोटं उंचीपर्यंत फळी फुगलेली होती. कडेची पट्टी सुटून बाहेर आली होती आणि आतला भुसा दिसत होता. बोटाने दाबलं की तेवढा भाग खरखरीत आणि पोचट लागायचा, वरचा भाग मात्र टणक आणि गुळगुळीत.

हा प्रकार नीट समजून घेण्यासारखा आहे. भाड्याचे पलंग आणि कपाटं बऱ्याचदा पार्टिकल बोर्डची असतात, म्हणजे लाकडाचा चुरा गोंदात मिसळून दाबून केलेली फळी. वरून पातळ थर आणि कडेला चिकटपट्टी असते, पण खालची कड कधी कधी उघडीच सोडलेली असते. फरशी पुसताना तिथे रोज थोडं पाणी लागतं. दाबलेला चुरा ते पाणी पितो आणि फुगतो, आणि वाळला तरी पुन्हा मूळ जाडीवर येत नाही. पाणी सांडलेलं नसतं, गळती झालेली नसते, तरी काही महिन्यांत कड फुगते. पलंग भिंतीला लागून असेल तर ते लक्षातही येत नाही. पायांखाली रबरी गुट्टे असते आणि फळी जमिनीपासून जराशी उचललेली राहिली असती तर हे टळतं. आमच्या पलंगाला गुट्टे नव्हते, आणि ते ऑगस्टच्या फोटोत दिसत होतं.

प्रमुखाने यादीत कप्पा आणि फळी या दोनच नोंदी केल्या. मी त्याला विनंती केली, "दादा, बाकी सामान ठीक आहे एवढं लिहून द्या." त्याने पावतीवर "इतर नुकसान नाही" असं लिहून सही केली. ही ओळ अतिशय महत्त्वाची. अंतिम तपासणी गोदामात होते, आपण तिथे नसतो, आणि घरापासून गोदामापर्यंतच्या प्रवासात सामानाला काय लागलं हे आपल्याला कळायचा दुसरा मार्ग नाही. दारातून सामान कोणत्या स्थितीत बाहेर पडलं याचा तोच एक पुरावा.

साधारण आठवड्याने हिशेब आला. डिपॉझिट २००. जूनचं आगाऊ भरलेलं भाडं १६ तारखेपर्यंत मोजून उरलेले ४७ जमा. मुदतीआधी परत केल्याचे १२० वजा. मग नुकसानीच्या चार ओळी: फ्रिजचा कप्पा १५, पलंगाची फळी ४०, सोफ्याच्या हातावरचा ओरखडा २५, वॉशिंग मशीनचे वाहतुकीचे बोल्ट गहाळ म्हणून १०. एकूण ९०. हातात येणार ३७.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला. नवरा म्हणाला, सोडून दे, आपण आता दुसऱ्या गावी आलो आहोत. पण मला ते पटेना. चारही ओळी एकसारख्या दिसत असल्या तरी प्रत्येकीचं कारण वेगळं होतं, म्हणून उत्तरही एकगठ्ठा न देता ओळीवार दिलं. "कपात अन्यायकारक आहे" असं मोघम लिहिलं की त्यावर मोघमच उत्तर येतं.

कप्प्याचे १५ मान्य केले. नव्या कप्प्याची किंमत मी शोधून बघितली होती, ती तेवढ्याच घरात होती.

सोफ्यासाठी ऑगस्टचं चलन जोडलं, ज्यावर ओरखडा लिहून त्यांच्याच माणसाची सही होती, आणि त्या संध्याकाळचा ईमेल.

बोल्टचं प्रकरण जरा तांत्रिक आहे. समोरून दार असलेल्या वॉशिंग मशीनचा ड्रम आत स्प्रिंगांवर लटकलेला असतो. वाहतुकीत तो आपटू नये म्हणून मागून लांब बोल्ट घालून त्याला जखडतात. मशीन बसवताना ते काढायचे, नाहीतर पहिल्याच फेरीत मशीन थडथडायला लागतं, आणि काढल्यावर भोकं प्लास्टिकच्या टोप्यांनी बंद करायची. पुन्हा हलवताना तेच बोल्ट लागतात, म्हणून नवं मशीन घेणाऱ्याने ते जपून ठेवायचे असतात. आमच्याकडे मशीन आलं तेव्हाच मागची भोकं टोप्यांनी बंद होती. म्हणजे ते बोल्टांशिवायच आणलं होतं, आणि चलनावरच्या सुट्या भागांच्या यादीतही बोल्ट नव्हते. भिंतीला लावण्याआधी काढलेला पाठीचा फोटो इथे कामाला आला. जे दिलंच नाही ते परत कुठून येणार, एवढंच मी लिहिलं.

फळीबद्दल मात्र माझी बाजू पूर्ण भक्कम नव्हती. ती आमच्याकडे असतानाच फुगली होती, फोटो तेच सांगत होते. मी दोन मुद्दे मांडले. एक, करारात "नेहमीच्या वापराने होणारी झीज" कपातीतून वगळली आहे, आणि फरशी पुसणं हा नेहमीचाच वापर. पलंगाला गुट्टे देण्याची जबाबदारी बसवणाऱ्यांची होती. दोन, पलंग आमच्याकडे आला तेव्हाच वापरलेला होता, आणि तुम्ही नव्या फळीची पूर्ण किंमत लावली आहे. करारात घसारा वजा करून किंमत लावू असं म्हटलं आहे, तर पलंगाचं वय आणि घसाऱ्याचा हिशेब द्या. माझ्या मते हा प्रश्न प्रत्येकाने विचारावा. वस्तू जुनी असताना नव्याची किंमत वसूल केली जात असेल, तर ते विचारल्याशिवाय उघड होत नाही.

भाड्याच्या दिवसांसाठी ११ जूनच्या पक्क्या तारखेचा स्क्रीनशॉट आणि त्या दुपारचा ईमेल जोडला.

पहिलं उत्तर ठरावीक साच्यातलं आलं: गोदामाच्या तपासणीचा निर्णय अंतिम आहे. मी तक्रार क्रमांक घेऊन तोच ईमेल कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे पाठवला आणि गोदामातले फोटो मागितले. ते आल्यावर कळलं की सोफ्याचा फोटो माझ्या ऑगस्टच्या फोटोतला तोच ओरखडा दाखवत होता, त्याच जागी, त्याच लांबीचा. त्यानंतर सूर बदलला. दोन आठवडे ईमेल येत-जात राहिले. दर काही दिवसांनी मी त्याच ईमेलच्या साखळीत आठवण करत होते, नवा ईमेल सुरू करत नव्हते, म्हणजे प्रत्येक नव्या माणसाला सगळा इतिहास खाली दिसायचा.

सुधारित हिशेब असा आला. सोफा आणि बोल्ट, दोन्ही ओळी रद्द. फळी ४० ऐवजी २०, कारण पलंग कित्येक घरं फिरून आलेला निघाला. कप्पा १५ तसाच. भाडं ११ जूनपर्यंतच मोजलं, त्यामुळे जूनचे ४७ ऐवजी ६३ परत. म्हणजे २०० अधिक ६३, त्यातून १२० आणि ३५ वजा, उरले १०८. फळीचे २० मी मान्य केले. आणखी ताणता आलं असतं कदाचित, पण त्यांनी घसाऱ्याचा हिशेब कागदावर दिला होता आणि तो मला रास्त वाटला.

पैसे जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात खात्यात आले. बँकेतला आपोआप भाडं जाण्याचा आदेश मी सामान गेल्याची पावती मिळाल्यावर लगेच रद्द केला होता. त्याआधी करू नका, कारण चालू महिन्याचं भाडं अडलं की उशिराचा दंड लागतो आणि तोही डिपॉझिटमधूनच जातो. पैसे आल्यावर "काही येणं बाकी नाही" असं पत्र मागून घेतलं, करार क्रमांक आणि चारही वस्तूंचे अनुक्रमांक घालून. पहिल्या पत्रात वॉशिंग मशीनचा क्रमांक राहिला होता, तो घालून पत्र पुन्हा मागवलं.